उरलेल्या फरकांचा आलेख: रिग्रेशनबद्दलचे पाच गैरसमज

संख्याशास्त्र शिकणाऱ्या बहुतेकांच्या हाती कधी ना कधी आर या संगणकभाषेतली `cars` नावाची छोटी माहिती येते. १९२० च्या दशकातल्या मोटारगाड्यांची ही ५० निरीक्षणे आहेत. प्रत्येकात गाडीचा वेग ताशी मैलांत आणि ब्रेक लावल्यावर थांबेपर्यंत तिने कापलेले अंतर फुटांत नोंदवले आहे. वेगावरून अंतराचा अंदाज बांधणारी सरळ रेषा काढली तर मिळते ती अशी: अंतर = −१७.५८ + ३.९३ × वेग.

प्रत्यक्ष अंतरातून रेषेने सांगितलेले अंतर वजा केले की जे उरते तो अवशेष, म्हणजेच रेसिड्युअल. रेषेमागची गृहीतके तीन: संबंध सरळ असावा, चुकांचा पसारा सगळीकडे सारखा असावा आणि चुका नॉर्मल वितरणाच्या असाव्यात. (निरीक्षणे एकमेकांपासून स्वतंत्र असावीत हे चौथे गृहीतक, ते आलेखापेक्षा माहिती कशी गोळा केली यावरून ठरते.) खऱ्या चुका कधीच दिसत नाहीत, म्हणून त्यांच्या जागी अवशेष तपासायचे. तपासणीचे आलेख दोन ओळींत निघतात, पण ते वाचताना काही गैरसमज हमखास आड येतात.

```
m <- lm(dist ~ speed, data = cars)
plot(m, which = 1:3)
```

गैरसमज १: आर-वर्ग चांगला आणि पी-किंमत नगण्य, म्हणजे मॉडेल ठीक.

वस्तुस्थिती: इथे आर-वर्ग ०.६५ आहे आणि वेगाच्या गुणकाची पी-किंमत एक अब्जांशाहूनही कमी. वेग वाढला की थांबायला जास्त अंतर लागते, याबद्दल शंका उरत नाही. पण ते सरळ रेषेतच वाढते का, याचे उत्तर या दोन आकड्यांत नाही. ताशी ४ मैल वेगाला ही रेषा जवळपास उणे दोन फूट अंतर सांगते. म्हणजे ब्रेक लावताच गाडी मागे सरकायला हवी!

अवशेषांच्या आलेखात आडव्या अक्षावर अंदाजित अंतर आणि उभ्यावर अवशेष असतो. बिंदू शून्याच्या रेषेभोवती कुठलाही आकार न घेता विखुरलेले असावेत. इथे त्यांचा मध्य डावीकडे शून्याच्या थोडा वर आहे, मधे खाली जातो आणि उजवीकडे पुन्हा वर येतो. ताशी १० मैलांपर्यंतच्या अवशेषांची सरासरी सुमारे +३ फूट, ११ ते १७ मैलांच्या टप्प्यात −२ आणि त्यापुढे +१ येते. वाक हलका आहे, पण त्यामागे भौतिकशास्त्र आहे. ब्रेक लागल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे रेषेने थोडे वळायला हवेच होते.

गैरसमज २: अवशेष प्रत्यक्ष किमतींसमोर मांडले तरी चालतात.

वस्तुस्थिती: चालत नाहीत. प्रत्यक्ष अंतर आडव्या अक्षावर घेतले, तर मॉडेल अगदी निर्दोष असले तरी बिंदू डावीकडून उजवीकडे चढताना दिसतील. कारण अवशेष हा प्रत्यक्ष अंतराचाच एक भाग आहे. दोघांमधला सहसंबंध १ वजा आर-वर्ग याच्या वर्गमुळाइतका असतो. आपल्या उदाहरणात तो ०.५९ येतो. हा चढ बघून “मोठी अंतरे मॉडेल कमी लेखते” असा निष्कर्ष अनेक अहवालांत काढलेला असतो, पण तो चढ गणितातून आपोआप आलेला असतो.

अंदाजित किमतींशी मात्र अवशेषांचा सहसंबंध नेमका शून्य असतो, कारण रेषा तशीच बसवलेली असते. म्हणून त्या आलेखात चढ-उतार शोधायचाच नसतो. शोधायचा तो वाक, नाहीतर बदलत जाणारा पसारा.

गैरसमज ३: पसारा असमान निघाला, म्हणजे रेषाच चुकली.

वस्तुस्थिती: पसारा असमान आहे की नाही, ते आधी नीट पाहू. ताशी १० मैलांपर्यंतचे अवशेष −८ ते +१२ फुटांच्या आत आहेत. १८ मैल आणि त्यापुढे ते −२९ पासून +४३ पर्यंत पोहोचतात. नुसत्या टोकांवर विसंबणे मात्र धोक्याचे. पहिल्या गटात ९ निरीक्षणे आहेत आणि दुसऱ्यात १९. बिंदू जास्त असले की टोके आपोआपच लांब जातात. म्हणून प्रत्येक गटातल्या अवशेषांच्या वर्गांची सरासरी काढून तिचे वर्गमूळ घ्यावे. ते मंद गटात ८ फूट, मधल्या गटात १४ आणि वेगवान गटात १८ येते. वेगाबरोबर पसारा खरोखरच वाढतो आहे. आरमधला तिसरा आलेख हेच दाखवतो: तो अवशेषांची चिन्हे बाजूला ठेवून फक्त त्यांचा आकार मांडतो, आणि त्यातली मध्यरेषा वर चढत जाते.

आता परिणाम पाहू. संबंध खरोखर सरळ असेल, तर पसारा असमान असूनही रेषेचा उतार कुठल्या एका बाजूला झुकत नाही. बिघडतो तो उताराच्या अनिश्चिततेचा हिशेब, म्हणजे प्रमाण त्रुटी. त्यावर असमान पसाऱ्यातही टिकणाऱ्या, ‘सँडविच’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रमाण त्रुटी वापरता येतात.

पण एकेका गाडीच्या अंदाजाची पट्टी काढायची असेल, तर हा उपाय पुरत नाही. साधे मॉडेल पसाऱ्याचा एकच आकडा, १५.४ फूट, सगळीकडे वापरते. त्यामुळे ताशी १० मैलांसाठी त्याची ९५ टक्क्यांची पट्टी −१० ते ५३ फूट निघते: गरजेपेक्षा कितीतरी रुंद, आणि काही भाग अशक्य. ताशी २४ मैलांसाठी ती ४५ ते १०९ फूट आहे, आणि त्याच वेगाची एक गाडी प्रत्यक्षात १२० फुटांवर थांबली होती.

गैरसमज ४: आलेख डोळ्यांचा खेळ, खरा निकाल चाचणी देते.

वस्तुस्थिती: असमान पसाऱ्यासाठी ब्रॉइश आणि पेगन यांची १९७९ ची चाचणी प्रसिद्ध आहे. आरमध्ये `car` पॅकेजमधले `ncvTest` या रेषेवर चालवले की पी-किंमत ०.०३१ येते. `lmtest` पॅकेजमधले `bptest` चालवले की ०.०७३ येते. ०.०५ ची लक्ष्मणरेषा मानणाऱ्याला एक चाचणी ‘दोष आहे’ म्हणते आणि दुसरी ‘पुरावा नाही’.

दोन्ही चाचण्या एकाच कुळातल्या आहेत. फरक एवढाच की पहिली चुका नॉर्मल आहेत असे धरून चालते, तर दुसरीत कोएंकर यांनी १९८१ मध्ये सुचवलेला बदल आहे आणि तिला ते गृहीतक लागत नाही. इथे अवशेष नॉर्मल नाहीत (शापिरो-विल्क चाचणीची पी-किंमत ०.०२२), त्यामुळे पहिलीच्या निकालावर कमी भरवसा ठेवायला हवा. पण दुसरीने ०.०७३ सांगितले म्हणून पसारा समान ठरत नाही. ५० निरीक्षणांत चाचणीची ताकद मर्यादित असते. उलट लाखभर निरीक्षणे असली, तर ज्याने काहीच बिघडत नाही असा किरकोळ फरकही चाचणी पकडते. पसारा ८ वरून १८ फुटांवर गेला, हे आपल्या कामाला चालेल का, हा खरा प्रश्न. त्याचे उत्तर पी-किंमत देत नाही.

गैरसमज ५: क्यू-क्यू आलेख वाकला, म्हणजे आधी नॉर्मलपणा दुरुस्त करा.

वस्तुस्थिती: या गैरसमजाच्या मुळाशी आणखी एक आहे: मूळ अंतरेच नॉर्मल असायला हवीत. तसे कुठलेही गृहीतक नाही. वेग वेगवेगळे असल्यामुळे अंतरांचा हिस्टोग्राम कसाही दिसू शकतो; गृहीतक चुकांबद्दल आहे. म्हणून क्यू-क्यू आलेख अवशेषांचा काढतात. इथे तो बराचसा सरळ आहे, पण उजव्या टोकाला तीन बिंदू वर सुटले आहेत. आर त्यांना २३, ३५ आणि ४९ असे क्रमांक देते. त्यांचे अवशेष अनुक्रमे ४३, ३१ आणि ४३ फूट आहेत.

त्यांना काढून टाकण्याआधी विचार करावा. त्यांतले दोन बिंदू वेगवान गटातले आहेत, जिथे पसारा मुळातच मोठा आहे. प्रत्येक वेगाला चुका नॉर्मल असल्या, पण त्यांचा पसारा वेगवेगळा असला, तरी सगळे अवशेष एकत्र केल्यावर टोके जड दिसतातच. म्हणजे क्यू-क्यूमधला वाक बऱ्याचदा दुसऱ्याच दोषाची सावली असते. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी वाक, मग पसारा, आणि नॉर्मलपणा सर्वांत शेवटी. निरीक्षणे पुरेशी असली तर उताराच्या अंदाजाला नॉर्मलपणाची फारशी गरजही लागत नाही. एकेका निरीक्षणाच्या पट्टीला मात्र ती कायम लागते.

या क्रमाने गेलो तर इथे एका उपायात बरेच साधते. अंतराऐवजी त्याचे वर्गमूळ घ्यायचे. वेगाच्या वर्गाशी असलेल्या नात्यामुळे ते स्वाभाविकही आहे. नवी रेषा येते: वर्गमूळ = १.२८ + ०.३२ × वेग. वाक जवळपास जातो, पसारा बराच सारखा होतो आणि शापिरो-विल्कची तक्रारही मिटते. पट्टी पुन्हा फुटांत आणली की ताशी १० मैलांसाठी ती ५ ते ४६ होते आणि २४ मैलांसाठी ४५ ते १२८. उणे अंतर गेले आणि १२० फुटांवर थांबलेली गाडी आत आली. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी: वर्ग करून परत आणलेला मधला अंदाज सरासरीचा नसतो, मध्यकाचा असतो. वर्गमूळ घेऊनही दोष उरला असता, तर पसाऱ्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात भार देणारी रेषा हा दुसरा मार्ग होता.

तरीही २३ क्रमांकाची गाडी पट्टीबाहेरच राहते. ताशी १४ मैल वेगाने ती ८० फुटांवर थांबली, आणि नवी पट्टी ६५ च्या आतच संपते. ९५ टक्क्यांच्या पट्टीबाहेर ५० पैकी दोन-तीन निरीक्षणे पडणे अपेक्षितच असते, त्यामुळे एवढ्यावरून मॉडेलला दोष देता येत नाही, आणि बिंदू पुसूनही टाकता येत नाही. रस्ता ओला होता, ब्रेक झिजले होते की नोंद चुकली, हे अवशेष सांगू शकत नाहीत. त्यासाठी मूळ नोंदीकडेच जावे लागते.