बिल आज आलं, एंट्री आजच

भोसरी असो, सातपूर असो की शिरोली, लहान-मध्यम कारखान्याच्या अकाउंट्स विभागाला मालकाचा एक निरोप दर दोन-तीन महिन्यांनी येतोच : आलेलं प्रत्येक बिल त्याच दिवशी टॅलीत चढलं पाहिजे. मंडळी ‘हो साहेब’ म्हणतात. आठ दिवस सगळं सुरळीत चालतं आणि मग टेबलावरचा ट्रे पुन्हा भरायला लागतो.

यात आळसाचा भाग फार थोडा असतो. बिल थांबतं ते बहुतेक वेळा भीतीपोटी. स्टोअरची माल मिळाल्याची नोंद आलेली नसते, क्वालिटीवाल्यांचा रिपोर्ट अडलेला असतो, किंवा ऑर्डरमधला दर आणि बिलातला दर यांत किलोमागे दोन रुपयांचा फरक असतो. अकाउंटंटला वाटतं, एंट्री केली म्हणजे आपण बिल मान्य केलं. उद्या माल परत गेला तर जाब आपल्यालाच विचारणार. म्हणून तो ‘सगळं क्लिअर झालं की टाकू’ म्हणून बिल बाजूला ठेवतो. मालकाच्या निरोपात ‘त्याच दिवशी’ हे शब्द असतात, पण या भीतीवर उत्तर नसतं. त्यामुळे तो निरोप टिकत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका भागीदारी फर्मच्या मशीन शॉपमध्ये 28 जानेवारीला ब्राइट बारचा ट्रक उतरला. बिल 4,00,000 रुपयांचं, वर 18 टक्के जीएसटीचे 72,000. पुरवठादार स्वतः बार बनवणारा, उद्यम नोंदणी असलेला लघुउद्योग. त्याच्याशी 45 दिवसांच्या उधारीचा लेखी करार आहे. केमिकल टेस्टचा रिपोर्ट आला नाही म्हणून बिल ट्रेमध्ये राहिलं आणि 21 फेब्रुवारीला टॅलीत चढलं, तेही 21 फेब्रुवारीच्याच तारखेने. दरम्यान बार शॉपमध्ये गेले, कापले गेले, त्यांचे शाफ्ट होऊन गिऱ्हाइकाकडे रवानाही झाले.

पहिला फटका जानेवारीच्या स्टॉक स्टेटमेंटला बसतो. स्टोअरने 31 तारखेला बार मोजले आणि साठ्यात धरले. देणेकऱ्यांच्या यादीत मात्र हे 4,72,000 नाहीत, कारण बिल वहीत नाही. कॅश क्रेडिटची उचल ठरवताना बँक साठ्यातून देणी वजा करते आणि मग मार्जिन कापते. मार्जिन 25 टक्के धरलं तर या एका बिलामुळे आपण 3,54,000 रुपयांची जास्तीची उचल दाखवली. हेतू काहीही असो, बँकेला दिलेला आकडा खोटा ठरला. स्टॉक ऑडिटला येणारा माणूस शेवटच्या तारखांच्या गेट नोंदी आणि खरेदीच्या एंट्र्या शेजारी शेजारी ठेवून बघतो, तेव्हा हे लगेच उघडं पडतं.

दुसरा फटका जीएसटीचा. पुरवठादाराने वेळेत विवरण भरलं, त्यामुळे 14 फेब्रुवारीला आपल्या 2बी मध्ये बिल दिसू लागलं. आपल्या वहीत ते नव्हतं, म्हणून 20 तारखेच्या 3बी मध्ये त्याचं क्रेडिट घेतलं गेलं नाही. हे 72,000 बुडाले असं नव्हे, पुढच्या महिन्यात घेता येतात. पण या महिन्यात तेवढी रोख बँकेतून भरावी लागली. व्याजाच्या हिशेबात ही रक्कम किरकोळ आहे. मालक लोक याचा फार बाऊ करतात, एवढा करू नये.

खरा मार तिसरा आहे आणि तो मार्च संपल्यावर कळतो. सूक्ष्म आणि लघु उत्पादक किंवा सेवा देणाऱ्यांचे पैसे लेखी करार असेल तर करारातल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे. करार नसेल तर 15 दिवसांत. आर्थिक वर्ष 2023-24 पासून ही मुदत प्राप्तिकराशी जोडली गेली आहे. मुदत उलटली आणि 31 मार्चपर्यंतही पैसे दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी मान्य होत नाही. पैसे देऊ त्या वर्षी होतो. निव्वळ व्यापाऱ्याकडून घेतलेल्या मालाला हा नियम लागत नाही. त्यामुळे पुरवठादाराचं उद्यम प्रमाणपत्र मागवून तो उत्पादक आहे की व्यापारी, हे लेजरमध्ये आधीच लिहून ठेवावं.

आता तारखा पाहा. कायदा मुदत मोजतो ती माल स्वीकारल्यापासून. तीनशे रुपयांचं असो की तीन लाखांचं, एंट्री कधी झाली याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आपल्या बारची मुदत 14 मार्चला संपली. टॅलीला मात्र 21 फेब्रुवारी ही तारीख दिली होती, म्हणून देणी-यादीत हे बिल 7 एप्रिलला देय दिसत राहिलं. मार्चअखेर पेमेंट काढणाऱ्याने यादी पाहिली, ‘अजून वेळ आहे’ म्हणून ते सोडलं. भागीदारी फर्मला 30 टक्के कर आणि त्यावर 4 टक्के उपकर, म्हणजे 31.2 टक्क्यांनी 4,00,000 वर 1,24,800 रुपयांचा कर या वर्षी जास्तीचा भरावा लागला. खर्च पुढच्या वर्षी मिळेल, पण रोख आत्ताच गेली. शिवाय पुरवठादाराने मनावर घेतलं तर उशिराच्या दिवसांचं रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज मागू शकतो, आणि ते व्याज खर्च म्हणून धरता येत नाही.

टेस्ट रिपोर्टची वाट पाहण्यातला धोकाही इथेच आहे. मालाबद्दल हरकत असेल तर ती माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी कळवावी लागते. नाही कळवली तर माल आल्याच्या दिवशीच स्वीकारला असं धरतात. बिल ट्रेमध्ये झोपलेलं असताना ते 15 दिवस कोणी मोजत नाही.

तेव्हा मालकाने निरोपात आधी हे सांगावं : एंट्री करणं वेगळं आणि पैसे सोडणं वेगळं. बिल बिलाच्या तारखेने, पुरवठादाराच्या बिल क्रमांकासह चढवायचं आणि क्वालिटीचा रिपोर्ट येईपर्यंत पेमेंट होल्डवर ठेवायचं. दरात फरक असला तरी बिल जसं आहे तसंच घ्यायचं आणि फरकाची डेबिट नोट काढायची. माल कमी भरला तरी तसंच. माल नुसत्या चलनावर आला असेल तर त्याची रिसीट नोट करायची आणि बिलासाठी पार्टीला त्याच दिवशी फोन लावायचा. टॅलीत व्हाउचर ‘ऑप्शनल’ करून ठेवण्याची पळवाट मात्र बंद करावी. तसं व्हाउचर हिशेबात धरलंच जात नाही, म्हणजे ट्रे फक्त टेबलावरून कॉम्प्युटरमध्ये हलतो.

रात्री नऊला उतरलेला ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी अकरापर्यंत चढला तर काही बिघडत नाही. बिघडतं ते महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत ऐंशी बिलं एकदम मारण्यात. त्या गर्दीत एकच बिल छापील प्रतीवरून एकदा आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफवरून पुन्हा एकदा चढतं. मग दोनदा पैसे जातात.

हे पाळलं जातंय का, हे पाहायला मालकाला अकाउंट्स यायला लागत नाही. रोज संध्याकाळी गेटच्या इनवर्ड रजिस्टरमधला शेवटचा नंबर बघा आणि टॅलीत खरेदीची एंट्री कोणत्या इनवर्ड नंबरपर्यंत झाली आहे ते विचारा. दोन्हींत एका दिवसापेक्षा जास्त अंतर असेल तर मधल्या प्रत्येक बिलाचं कारण अकाउंटंटकडून नव्हे, आधी स्टोअर आणि क्वालिटीकडून मागवा.