कागदावरचा नफा आणि बँकेतला नफा

नाशिकच्या एका द्राक्ष निर्यातदाराने 10 मार्चला 10,000 युरोचं बिल केलं, असं समजू. त्या दिवशी युरो 90 रुपयांना होता, म्हणून ईआरपीत येणं 9 लाख लागलं. 31 मार्चला भाव 92 झाला. पैसे अजून आलेले नाहीत, तरी वर्षअखेरीला येणं त्या दिवसाच्या भावानेच दाखवावं लागतं. ईआरपी पुनर्मूल्यन करून 20,000 रुपयांचा नफा लावते. हा न वसूल झालेला नफा.

1 एप्रिलला ही नोंद उलटवायची असते, आणि घोळ बहुधा इथेच होतो. 20 एप्रिलला पैसे 91च्या भावाने आले. सिस्टीम मूळ 90शी तुलना करून 10,000 वसूल नफा दाखवते. मार्चची नोंद उलटवली नसेल, तर पुस्तकांत नफा होतो 30,000. हातात आलेत फक्त 10,000!

चूक ओळखायची खूण सोपी आहे: बिल मिटलेलं, तरी पुनर्मूल्यनाच्या समायोजन खात्यात 20,000 शिल्लक. ग्राहकाकडून घेतलेली आगाऊ रक्कम मात्र पुनर्मूल्यनात धरू नका. तिच्या बदल्यात माल द्यायचा असतो, पैसे नव्हेत.