परदेशातून आईला वाढदिवसाचा निरोप

वाईसारख्या गावात राहणाऱ्या आईला अमेरिकेतल्या लेकीने वाढदिवसाचा निरोप पाठवायचा, तर आधी वाढदिवस नेमका कधी, हे ठरवावे लागते. जुन्या पिढीतल्या अनेकांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून असते. घरी जन्माची नोंद नसली, की शाळेत नाव घालताना गुरुजी शाळा सुरू होण्याच्या सुमाराची ही तारीख लिहून टाकत. अशा घरांत खरा वाढदिवस बहुधा तिथीनेच लक्षात राहिलेला असतो.

तिथी मात्र दरवर्षी इंग्रजी तारखेला धरून येत नाही. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने ती दरवर्षी जवळपास अकरा दिवस अलीकडे सरकते आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे जाते. शिवाय रोजची तिथी सूर्योदयाला जी असेल ती धरतात. न्यू जर्सीत सूर्य वाईनंतर सुमारे नऊ ते अकरा तासांनी उगवतो, त्यामुळे तिथल्या पंचांगात तीच तिथी कधीकधी वेगळ्या वाराला पडते. म्हणून आईच्या घरातल्या भिंतीवरचे कॅलेंडर प्रमाण मानावे.

पुढचा प्रश्न वेळेचा. उन्हाळ्यात न्यू जर्सीचे घड्याळ भारताच्या साडेनऊ तास मागे असते, हिवाळ्यात साडेदहा तास. आईला सकाळी सातला, चहाच्या वेळी निरोप मिळावा असे वाटत असेल, तर जूनमध्ये लेकीला तो आदल्या रात्री साडेनऊला पाठवावा लागतो, डिसेंबरमध्ये साडेआठला. तिकडची तारीख उजाडण्याची वाट पाहिली, तर वाईत तोवर सकाळचे साडेनऊ-साडेदहा वाजलेले असतात आणि शेजारणीही शुभेच्छा देऊन गेलेल्या असतात.

मजकुराची घडण पुढच्या काल्पनिक निरोपातून दिसते:

‘आई, नमस्कार करते. आज तुझा वाढदिवस. काल आमटी केली, तू दिलेला गोडा मसाला घालून. चव जमली, फक्त चिंच जरा जास्त झाली. इथल्या पहिल्या हिवाळ्यात मी रोज रडत फोन करायचे, तेव्हा तू “परत ये” म्हणाली नाहीस आणि “तिथेच राहा” असंही म्हणाली नाहीस. नुसतं ऐकून घेतलंस. म्हणून मी टिकले. आज तुला ओवाळायला मी तिथे हवी होते. वहिनीला सांगितलंय, ती संध्याकाळी औक्षण करेल. जानेवारीचं तिकीट काढलंय.’

सुरुवात नमस्काराने होते, कारण वाढदिवस आईचा असला तरी वयाने धाकटी लेक आहे. तिने शुभेच्छा द्यायच्या आणि आशीर्वादही घ्यायचा. पूर्वी पत्रात ‘ती. सौ. आईस शि. सा. नमस्कार’ या मायन्याने हेच साधले जाई.

या निरोपात आभार मानल्याचा शब्द कुठेच नाही. मराठी घरात आईला ‘धन्यवाद’ म्हटले की ती ‘मी काय परकी आहे का?’ असे विचारण्याचा संभव असतो. त्यामुळे कृतज्ञता एखाद्या घडलेल्या प्रसंगातून सांगितली जाते. ‘तू माझ्यासाठी खूप केलंस’ हे वाक्य कुठल्याही आईला चालते. त्या हिवाळ्यातल्या फोनची आठवण याच आईची आहे. खस्तांची लांबलचक यादी केली, तर निरोपाला हिशेब चुकता केल्याचा सूर लागतो. म्हणून एक प्रसंग पुरतो.

ओढ व्यक्त करताना खरी कसरत होते. ‘मला इथे करमत नाही’ एवढेच लिहिले, तर आईला दिवसभर घोर लागतो आणि वाढदिवस काळजीत जातो. इथे ओढ औक्षणाशी जोडलेली आहे. ताम्हनात निरांजन, हळदकुंकू, अक्षता, सुपारी आणि सोन्याची अंगठी घेऊन ओवाळण्याची ही कृती दुरून करता येत नाही, पण ती घरातल्या दुसऱ्या बाईकडे सोपवता येते. उणीव सांगितल्यावर लगेच वहिनीची व्यवस्था आणि तिकिटाची खबर येते, त्यामुळे आईच्या मनाला आधार मिळतो. तिकीट काढलेले नसेल, तर मात्र ‘लवकरच येते’ असे लिहू नये. आई त्यावर दिवस मोजू लागते आणि येणे लांबले की पुढच्या निरोपावरचा तिचा भरवसा कमी होतो.

निरोप लिहून पाठवावा की बोलून, हे आईवर अवलंबून असते. बारीक अक्षरे वाचायला त्रास होत असेल, तर आवाजाचा संदेश बरा. तो पुन्हा पुन्हा ऐकता येतो. पण लेकीचा कंठ दाटलेला त्यात लपत नाही आणि लहान गावातल्या घरी असा संदेश बहुधा मोठ्या आवाजात, आल्यागेल्यांच्या देखत वाजतो. म्हणून त्या रडलेल्या हिवाळ्यासारखी आठवण आईला एकटीला लिहून पाठवावी किंवा दुपारी ती निवांत असताना फोनवर सांगावी. सकाळच्या आवाजी संदेशात नमस्कार, आमटी, औक्षण आणि तिकीट एवढे ठेवले, तर तो साऱ्या घराला ऐकवता येतो.