दुपारी सव्वादोनचा मेसेज

लग्नाला अठरा वर्षं झालेल्या जोडप्याचं चॅट वर सरकवून पाहावं: ‘सिलिंडर आला?’, ‘फी भरली’, ‘दही आण’. संसार चोख, पण त्यात नवरा-बायको कुठे दिसत नाहीत.

जोडीदाराचं लक्ष वेधणाऱ्या छोट्या हाकेला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन ‘बिड’ म्हणतात. त्यांच्या नवविवाहितांच्या अभ्यासात, सहा वर्षांनंतरही एकत्र असलेल्यांनी शंभरातल्या सुमारे ८६ हाकांना ओ दिलेली होती. विभक्त झालेल्यांनी ३३. म्हणजे मेसेजइतकंच मोल उत्तराला.

‘मिस यू’ कुणालाही पाठवता येतं, म्हणून ते निसटून जातं. ‘सकाळी लिफ्टच्या आरशात केस सावरत होतीस, माझी ८.१७ त्यामुळेच चुकली’ हे मात्र एकाच बाईला लागू पडतं. तिचं उत्तर येतं, ‘उद्या मोकळे सोडते. ८.२४ पण चुकव.’

फॉरवर्ड केलेला गुलाब नको. तो आधीच मावशीच्या ग्रुपवर येऊन गेलेला असतो. आदल्या रात्रीचं भांडण मिटलं नसेल, तर लाडीगोडी टोचते. निळी टिक दिसूनही उत्तर नाही? ती बहुधा मीटिंगमध्ये असेल. त्यावर नुसतं ‘?’ पाठवलं, की लाडाची वसुली होते. आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर चॅट उघडं राहिलं, तर शेजारच्या टेबलालाही लिफ्टची गोष्ट कळते.