प्रश्नाशिवाय आलेला स्क्रीनशॉट

व्हॉट्सॲपवर एक्सेलच्या शीटचा फोटो येतो. वर ना ‘नमस्कार’, ना खाली प्रश्नचिन्ह. पाठवणाऱ्याला अडचण इतकी ढळढळीत दिसत असते की ती शब्दांत मांडावी असं त्याला वाटतच नाही. ऑफिसात किंवा सोसायटीत ज्याला ‘एक्सेल येतं’ त्याने ते चित्र बघून ओळखायचं असतं, की या माणसाला सूत्र हवंय, गिचमिड डेटा साफ करून हवाय, आलेख हवाय की कुठे तरी लपलेली चूक शोधून हवीय. बहुतेक वेळा याचं उत्तर चित्रातच असतं. मात्र ते आकड्यांपेक्षा आकड्यांच्या आजूबाजूला जास्त असतं.

उदाहरण म्हणून पुण्यातली बारा फ्लॅटची एक सोसायटी घेऊ. मासिक मेंटेनन्स प्रत्येकी 2,500 रुपये. खजिनदार काकांनी शीटचा स्क्रीनशॉट पाठवलाय. A रकान्यात फ्लॅट नंबर, B मध्ये नाव, C मध्ये पैसे जमा झाल्याची तारीख, D मध्ये रक्कम. दुसऱ्या ओळीपासून तेराव्या ओळीपर्यंत बारा नोंदी, आणि चौदाव्या ओळीत एकूण: 22,500. ज्यांना हा फोटो मिळाला त्या शेजारच्या ताई अकाउंट्समध्ये काम करतात.

ताईंनी सगळ्यात आधी हिरवी चौकट कुठे आहे ते पाहिलं. एक्सेलमध्ये ज्या सेलवर शेवटचं क्लिक झालं त्याभोवती ती दिसते, आणि माणूस बहुधा ज्या सेलपाशी अडला त्याच सेलवर असताना फोटो काढतो. काकांची चौकट D14 वर, म्हणजे एकूण रकमेवर होती. वरच्या फॉर्म्युला बारमध्ये `=SUM(D2:D13)` असं दिसत होतं. म्हणजे सूत्र आधीच लिहिलेलं आहे आणि बाराही ओळी त्यात आल्या आहेत. नवीन सूत्र त्यांना नको आहे. बारा गुणिले अडीच हजार म्हणजे 30,000 व्हायला हवेत, आणि आलेत 22,500. तूट 7,500 ची, म्हणजे बरोबर तीन फ्लॅटची.

आता ते तीन फ्लॅट शोधायचे. एक्सेल आकडा आपण होऊन सेलच्या उजव्या कडेला ठेवतं आणि मजकूर डाव्या कडेला. D रकान्यात नऊ आकडे उजवीकडे सरळ रेषेत उभे होते आणि तीन डावीकडे सरकलेले. त्यांपैकी एक ‘2500/-’ असा लिहिलेला. हिशेबाच्या वहीत ही रीत शंभर टक्के योग्य, पण त्या तिरक्या रेघेमुळे एक्सेलच्या लेखी तो आकडा उरत नाही, मजकूर होतो. आणि SUM रेंजमधला मजकूर मुकाट्याने सोडून देतं. कुठलीही चूक दाखवत नाही, बेरीज फक्त कमी येते. उरलेले दोन आकडे दिसायला अगदी स्वच्छ होते. बँकेच्या वेबपेजवरून कॉपी करताना त्यांच्यामागे एक न दिसणारी मोकळी जागा चिकटून आली होती. नेहमीची स्पेस असती तर टाइप करताना एक्सेलने ती दुर्लक्षून आकडा ओळखला असता. पण वेबपेजवर वापरली जाणारी ही ‘न तुटणारी’ स्पेस वेगळीच, आणि ती TRIM या फंक्शननेही जात नाही.

डावी-उजवी कड हा भरवशाचा पुरावा खरा, पण नेहमी मिळतोच असं नाही. शीट देखणं दिसावं म्हणून अनेक जण सगळं मधोमध आणून ठेवतात, आणि ही खूण पुसली जाते. अशा वेळी खिडकीच्या अगदी तळाची पट्टी बघावी. काकांनी D2 ते D13 सेल सिलेक्ट करून फोटो काढला असता, तर तिथे हे दिसलं असतं:

```
Average: 2,500   Count: 12   Sum: 22,500
```

यातला Count रिकामा नसलेला प्रत्येक सेल मोजतो, मजकूर असला तरी. Average मात्र फक्त खऱ्या आकड्यांचा निघतो. 22,500 ला 2,500 ने भागलं की नऊ येतात. सेल बारा, आकडे नऊ. तीन सेलमध्ये आकडा नाही हे एकही सेल न तपासता कळतं. सिलेक्ट केलेल्या सगळ्याच सेलमध्ये मजकूर असेल, तर या पट्टीवर Sum दिसतच नाही, नुसता Count येतो. फोटो पाठवताना लोक ही पट्टी हमखास कापून टाकतात. निदानाच्या दृष्टीने खरं तर तीच सगळ्यात बोलकी असते.

म्हणजे वरवर हे काम चूक शोधण्याचं दिसतं, पण उपाय साफसफाईचा आहे. शेजारच्या रिकाम्या रकान्यात हे सूत्र लिहून खाली ओढायचं:

```
=VALUE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(D2,"/-",""),UNICHAR(160),""))
```

आतलं पहिलं SUBSTITUTE तिरकी रेघ काढतं, बाहेरचं ती अदृश्य स्पेस काढतं, आणि VALUE उरलेल्या मजकुराचा आकडा करतं. आधीच नीट असलेले आकडे त्यातून जसेच्या तसे बाहेर येतात. मग तो रकाना कॉपी करून D वर फक्त व्हॅल्यू म्हणून पेस्ट केला की बेरीज 30,000 होते. काकांना ‘/-’ हवंच असेल तर तेही ठेवता येतं. सेलच्या फॉरमॅटमध्ये `#,##0"/-"` दिलं की रेघ दिसते आणि आत आकडा आकडाच राहतो.

हाच स्क्रीनशॉट थोड्या फरकाने आला असता तर मागणी वेगळी ठरली असती. समजा E रकान्यावर ‘व्याज’ असं शीर्षक आहे, E2 मध्ये हाताने 44 लिहिलंय आणि चौकट E3 या रिकाम्या सेलवर आहे. ही सूत्राची मागणी, आणि E2 मधला तो एकटा आकडा म्हणजे पाठवणाऱ्याने नकळत दिलेला नमुना. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार थकबाकीवर सरळव्याज जास्तीत जास्त वार्षिक 21 टक्के लावता येतं. 2,500 वर एका महिन्याचं ते 43 रुपये 75 पैसे होतं. काकांनी 44 लिहिलंय, म्हणजे दर 21 टक्क्यांचा आहे आणि पैसे पूर्ण रुपयात करायचे आहेत, असा तर्क करता येतो. त्यावरून `=ROUND(D2*21%/12,0)` हे सूत्र बसतं. पण एका आकड्यावर बेतलेलं सूत्र पाठवताना ‘दर 21 टक्के धरलाय, बरोबर ना?’ एवढं विचारायलाच हवं. सर्वसाधारण सभेने यापेक्षा कमी दर ठरवलेला असू शकतो.

आलेखाची मागणी ओळखणं त्यामानाने सोपं. एका रकान्यात एप्रिल ते मार्च, शेजारी वीजबिलाचे आकडे, शीर्षकासकट दोन्ही रकाने सिलेक्ट केलेले, पण एकूणची ओळ सोडलेली, आणि वर Insert हा टॅब उघडा. बेरजेच्या ओळीला आलेखात जागा नसते. ती घेतली तर शेवटचा स्तंभ इतका उंच होतो की बाकीचे बारा चपटे दिसतात.

काकांच्या चित्रात मात्र आणखी एक गोष्ट होती, जी त्यांनी विचारली नव्हती आणि त्यांच्या लक्षातही आली नव्हती. C रकान्यातल्या काही तारखा उजवीकडे होत्या, काही डावीकडे. 05/04/2025 उजवीकडे, 18/04/2025 डावीकडे. अशी सरमिसळ दिसली की कॉम्प्युटरची प्रादेशिक सेटिंग अमेरिकेची असल्याची शंका घ्यावी. तिथे महिना आधी लिहितात. अठरावा महिना नसतो, म्हणून 18/04 तारीख म्हणून स्वीकारली जात नाही आणि मजकूर म्हणून डावीकडे पडून राहते. 05/04 मात्र बिनतक्रार स्वीकारली जाते, पण 4 मे म्हणून. म्हणजे शिस्तीत उजवीकडे उभ्या असलेल्या तारखाच बिघडलेल्या असतात, आणि डावीकडे सरकलेल्यांत निदान मूळ मजकूर शाबूत असतो. पाच एप्रिलला पैसे भरलेल्या सभासदाला या गडबडीत महिनाभराचं व्याज लागू शकतं. नंतर सेटिंग बदलून उपयोग नाही, कारण आत साठलेली तारीख तीच राहते. बँकेची मूळ फाइल पुन्हा घेऊन, ती उघडतानाच दिवस-महिना-वर्ष हा क्रम सांगणं हाच खात्रीचा मार्ग.

चित्र किती सांगतं आणि किती नाही, याचं जगाला माहीत असलेलं एक उदाहरण आहे. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी 2010 मध्ये मांडलं होतं, की सरकारी कर्ज जीडीपीच्या 90 टक्क्यांपलीकडे गेलं की देशांचा सरासरी विकासदर उणे 0.1 टक्के होतो. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट इथल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांची एक्सेल फाइल मागवून घेतली आणि 2013 मध्ये आपल्या दोन प्राध्यापकांसह तिची चिकित्सा प्रसिद्ध केली. त्या फाइलचा स्क्रीनशॉट तेव्हा सगळीकडे फिरला. डेटा 49 व्या ओळीपर्यंत आणि सरासरीचं सूत्र `=AVERAGE(L30:L44)`, म्हणजे शेवटच्या पाच ओळी बाहेर. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश सुटले होते. हर्नडन यांच्या हिशेबाने खरा दर 2.2 टक्के निघाला. पण या फरकात सुटलेल्या ओळींचा वाटा जेमतेम 0.3 अंकांचा होता. बाकीचा फरक काही वर्षांचा डेटा न धरल्यामुळे आणि देशांना दिलेल्या भारामुळे आला होता, आणि या दोन्ही गोष्टी त्या चित्रात कुठेच दिसत नव्हत्या. त्यांच्यासाठी फाइलच हातात यावी लागली.

ताईंनी काकांना उत्तर पाठवलं ते असं: “काका, बेरीज साडेसात हजारांनी कमी येतेय, तेच विचारायचंय ना? तीन रकमा मजकूर झाल्यात, सूत्र खाली दिलंय. तारखांबद्दल मला शंका आहे. कीबोर्डवर Ctrl धरून 1 च्या डावीकडचं बटण दाबा आणि पुन्हा एक फोटो पाठवा. खालची पट्टी कापू नका.”

ते बटण दाबलं की शीटमधली सगळी सूत्रं एकदम उघडी दिसतात आणि तारखांच्या जागी एक्सेलने आत साठवलेले अनुक्रमांक येतात. 5 एप्रिल 2025 चा क्रमांक 45752 आहे, 4 मे चा 45781. काकांच्या दुसऱ्या फोटोत त्या सेलमध्ये 45781 होता.