निकालपत्रकातला तांबडा शेरा

सहकारी शिक्षक बंधू-भगिनींनो,

नोव्हेंबरची हजेरी भरून झाली आणि नव्या निकालपत्रकाबद्दल स्टाफरूममध्ये दोन तक्रारी कानावर आल्या. एक अशी की, टक्केवारीच्या रकान्यात स्पष्ट ७५ दिसत असताना शेजारचा शेरा तांबडा का होतो? दुसरी नेमकी उलट. दिवाळीनंतर ज्या मुलाचं तोंडही पाहिलं नाही, त्याच्यापुढे शेरा कोरा कसा? दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत आणि दोन्ही ठिकाणी कॉम्प्युटर बरोबर आहे. तेव्हा हा शेरा येतो कुठून, हे एकदा सविस्तर लिहितो.

पत्रकात गुणांचे रकाने संपले की P मध्ये कामाचे दिवस आहेत, Q मध्ये मूल हजर होतं ते दिवस, R मध्ये टक्केवारी आणि S मध्ये शेरा. आपण फक्त कॅटलॉगमधून Q भरायचा. पाचव्या ओळीतल्या पहिल्या मुलाच्या शेऱ्यामागे एवढंच सूत्र आहे:

```
=IF(NOT(ISNUMBER(Q5)),"तपासा",IF(Q5/P5<0.75,"कमी",""))
```

म्हणजे Q मध्ये आकडा नसेल तर 'तपासा' लिही. असेल तर हजर दिवसांना कामाच्या दिवसांनी भाग. उत्तर पाऊण हिश्श्यापेक्षा कमी आलं तर 'कमी' लिही, नाहीतर काही लिहू नको. 'कमी' आलं की सेल तांबडा करायचा नियम वेगळा लावला आहे. रंगासोबत शब्द मुद्दाम ठेवलाय, कारण आपल्या ऑफिसातल्या झेरॉक्समधून तांबडं आणि पांढरं सारखंच बाहेर येतं.

आता पहिली तक्रार. सहावी ते आठवीला शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वर्षाचे किमान २२० दिवस शाळा भरली पाहिजे (पहिली ते पाचवीला २००). २२० चे ७५ टक्के १६५. वर्षअखेर एखादी मुलगी १६४ दिवस हजर भरली, तर तिची टक्केवारी ७४.५४ आणि पुढे बरंच काही येते. टक्केवारीचा सेल दशांश दाखवत नाही, म्हणून तो जवळचा पूर्ण आकडा, 75%, दाखवतो. पण हे फक्त दाखवण्यापुरतं. आत आकडा जसाच्या तसा असतो आणि सूत्र आतला आकडा बघतं. म्हणून १६४ ला तांबडं आणि १६५ ला कोरं. R मध्ये आता दोन दशांश दिसतील असं करून ठेवलंय, त्यामुळे हा गोंधळ मिटेल. मात्र कुणी 'एका दिवसानं काय होतंय' म्हणून सूत्रात ROUND घालू नये. सूट द्यायची की नाही हे माणसानं ठरवायचं आणि सहीनिशी कागदावर लिहायचं. सूत्रात लपवलेली सूट पुढच्या वर्षी कुणाला सापडतही नाही.

जाता जाता 'तपासा'बद्दल. काही जणांनी Q मध्ये '68 दिवस' असं लिहिलंय. माणसाला ते वाचता येतं, एक्सेलच्या लेखी तो मजकूर झाला. जुन्या पत्रकात टक्केवारी हातानं लिहायची पद्धत होती आणि तिथे कुणी '68 टक्के' असं अक्षरात लिहिलं की शेरा कोराच राहायचा. कारण मजकूर आणि आकडा यांची तुलना केली तर एक्सेल मजकुराला नेहमी मोठा मानतं. 'आजारी' हा शब्दसुद्धा त्याच्या हिशेबी ७५ पेक्षा मोठाच! ओळखायची खूण सोपी आहे. सेलला हात लावून कुणी मांडणी बदललेली नसेल तर आकडा उजव्या कडेला चिकटतो आणि मजकूर डाव्या. Q वर वरून खाली नजर फिरवा, डावीकडे सरकलेला आकडा लगेच दिसेल.

दुसऱ्या तक्रारीवर मात्र जरा थांबायला हवं.

आपल्याकडून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं हंगाम सुरू झाला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाहीत. सातवीतला एक मुलगा घ्या. दिवाळीपर्यंत कामाचे १०० दिवस झाले, त्यातले ९६ दिवस तो हजर. दिवाळीनंतर टोळीबरोबर गेला. नोव्हेंबरात शाळा २० दिवस भरली, हा एकही दिवस नाही. पत्रक काय करतं? ९६ भागिले १२०, म्हणजे ८० टक्के. शेरा कोरा. डिसेंबरातही तो कोराच राहणार, आणखी आठ दिवसांपर्यंत, कारण ९६ भागिले १२८ बरोबर ७५ येतात. एकोणतिसाव्या दिवशी ७४.४२ होऊन सेल तांबडा होईल. आठवड्याचे सहा दिवस धरले तरी पाच आठवडे मूल शाळेबाहेर गेल्याचं पत्रकाला कळत नाही. आणि आपण महिनाअखेरीस हजेरी भरणार, म्हणजे प्रत्यक्षात डिसेंबर संपल्यावर.

आता त्याच्याच बाकावरचा दुसरा मुलगा. १०० पैकी ७६ दिवस हजर, म्हणजे काठावरचा. तो नोव्हेंबरात दोनच दिवस सर्दीनं घरी राहिला की ७६ भागिले १०२, झालं तांबडं. खरं तर तो तिसऱ्या दिवशी वर्गात बसलेला असतो. गेलेलं मूल कोरं, समोर बसलेलं तांबडं. यात सूत्राची चूक नाही. जूनपासूनची बेरीज आहे ती, आणि जितकी जुनी पुंजी मोठी तितका आजचा खड्डा उशिरा दिसतो. ७५ टक्क्यांचा नियम वर्षभराच्या हिशेबासाठी आहे. मूल आज कुठे आहे, हे त्या आकड्याला विचारून उपयोग नाही.

म्हणून पत्रकात दोन गोष्टी वाढवल्या आहेत. U मध्ये त्या महिन्याचे हजर दिवस भरायचे. महिन्याचे कामाचे दिवस वर U2 मध्ये एकदाच लिहायचे. त्यापुढे V मध्ये हे सूत्र आहे:

```
=IF(U5/$U$2<0.5,"गृहभेट","")
```

महिन्यातले निम्मे दिवसही मूल आलं नाही, तर 'गृहभेट'. वरचा ९६ वाला मुलगा नोव्हेंबरअखेरीसच इथे सापडतो. पन्नास टक्के हा आकडा कुठल्या नियमातला नाही, मी ठरवलेला आहे. तुमच्या वर्गाला तो सैल वाटला तर साठ करा. आणि गृहभेटीला गेल्यावर मूल टोळीबरोबर गेल्याचं कळलं, तर त्याच्यासाठी शिक्षण हमी पत्रक द्यायचं असतं, म्हणजे ते जिथे गेलं तिथल्या शाळेत त्याला बसता येतं. आजी-आजोबांकडे मूल ठेवून जायची तयारी असेल, तर हंगामी वसतिगृहाची सोय बघता येते. हे सगळं नोव्हेंबरात करता येतं, जानेवारीत मूल कारखान्याच्या तळावर रुळलेलं असतं.

दुसरी वाढ T या रकान्यात. टक्केवारीपेक्षा आई-वडिलांना समजेल असा आकडा हवा होता, तो हा:

```
=INT($P$2*0.25)-(P5-Q5)
```

P2 मध्ये वर्षाचे एकूण दिवस, २२०. त्याचा पाव हिस्सा ५५, म्हणजे वर्षभरात जास्तीत जास्त इतक्या गैरहजेऱ्या चालतात. त्यातून आतापर्यंतच्या गैरहजेऱ्या वजा केल्या की उरतात त्या 'शिल्लक'. आठवीतल्या एका मुलीचं उदाहरण घ्या. दिवाळीपर्यंत १०० पैकी ७० हजर, शेरा तांबडा. पण तिच्या गैरहजेऱ्या ३०, म्हणजे शिल्लक २५. पुढच्या १२० दिवसांत ९५ दिवस आली तरी ती १६५ ला पोचते. पालकसभेत 'तुमच्या मुलीची हजेरी ७० टक्के आहे' म्हटलं की आई मान हलवते आणि विषय संपतो. 'आता अजून पंचवीस दिवसच चुकवता येतील' म्हटलं की ती लगेच बोटं मोजायला लागते: मामाचं लग्न, यात्रा, धाकट्याला सांभाळायचे दिवस. शिल्लक शून्याखाली गेली, उणे आकडा आला, की मग ते मूल वर्षाच्या आत भरून काढू शकत नाही. त्यांची यादी वेगळी काढा.

वर्षाच्या सुरुवातीला मात्र 'कमी'कडे फारसं बघू नका. जूनच्या पंधरा तारखेला शाळा भरली, महिनाअखेर बारा दिवस झाले आणि पेरणीत चार दिवस गेले, की ६६.६७ टक्के. अर्धा वर्ग तांबडा होतो आणि मग ऑगस्टात खरोखर तांबडं झालेलं मूल कुणी बघत नाही. तेव्हा 'शिल्लक' बघा, ती चार दिवसांत ५५ वरून फक्त ५१ वर आलेली असते.

नव्यानं दाखल झालेल्या मुलांचं एक. P चा आकडा सगळे जण पहिल्या ओळीतून खाली ओढतात, आणि तिथे अन्याय होतो. एक ऑगस्टला दाखला घेऊन आलेल्या मुलीच्या वाट्याला आपल्या शाळेचे १०० पैकी ६४ दिवसच आले आणि त्यातले ५८ ती हजर. P मध्ये १०० राहिले तर ५८ टक्के, तांबडं. तिच्या ओळीत ६४ घातले तर ९०.६३. आधीच्या शाळेची हजेरी कागदोपत्री आली असेल, तर तिथले कामाचे आणि हजर असे दोन्ही आकडे मिळवा, फक्त एक मिळवू नका. ती कागदपत्रं आली नसतील, तर तिच्या ओळीतला 'शिल्लक' आकडा खरा नाही. त्यावर टाचण ठेवा.

तांबडं म्हणजे नापास, असं काही पालकांना वाटतं, त्यांना सांगा की आठवीपर्यंत हजेरी कमी म्हणून मूल शाळेतून काढता येत नाही. दहावी-बारावीला नियमित विद्यार्थी म्हणून बसायचं तर ७५ टक्क्यांची अट खरीच आहे, आणि आजारपण किंवा तसंच सबळ कारण असेल तर ते कागदपत्रांनिशी, वेळेत मांडावं लागतं. म्हणून नववी-दहावीच्या वर्गशिक्षकांनी डॉक्टरांचं प्रमाणपत्र मूल परत आलं त्याच आठवड्यात मागून फाइलला लावावं. फेब्रुवारीत मागितलेल्या ऑगस्टच्या प्रमाणपत्राकडे सगळेच संशयानं बघतात. शाळेतर्फे क्रीडा स्पर्धेला गेलेल्या मुलांची हजेरी कशी लावायची, ते मुख्याध्यापकांकडून सगळ्या वर्गांसाठी एकच ठरवून घेऊ. सध्या एका तुकडीत ते हजर आहेत, दुसरीत गैरहजर.

शेवटचं, पत्रक नावानुसार किंवा गुणानुसार लावताना सगळे रकाने एकत्र निवडा. फक्त नावं निवडून क्रम लावला की नावं हलतात आणि हजेरी जागेवर राहते. पडताळा म्हणून कॅटलॉगमधली पहिली, मधली आणि शेवटची अशी तीन मुलं घेऊन Q शी ताडून बघा, मगच प्रिंट काढा. नोव्हेंबरची 'गृहभेट' यादी शनिवारी मधल्या सुट्टीत माझ्याकडे द्या, एकाच वस्तीवर दोघांना वेगवेगळं जायला नको.

आपला,
इयत्ता सातवीचा वर्गशिक्षक