जुन्या ओरखड्यांचे साडेचार हजार

भाचीच्या निकाहसाठी विजापूरला जायचे होते, म्हणून आम्ही सोलापुरात दोन दिवसांसाठी स्वतः चालवायची गाडी भाड्याने घेतली. अनामत पाच हजार. गाडी परत केल्यावर तिसऱ्या दिवशी खात्यात आले फक्त पाचशे! सोबत मेसेज होता : डावा मागचा दरवाजा २४००, मागचा बंपर १६००, व्हीलकॅप ५००.

गाडी घेताना कंपनीच्या मुलाने तपासणीचा कागद पुढे केला होता. त्यावर गाडीचे चित्र असते आणि जिथे ओरखडा तिथे फुली मारतात. दरवाजावर फुली होती, खाली त्याची आणि आमची सही. बंपरवर फुली मारायची मात्र घाईत राहून गेली. आमच्या थोरल्याने गाडीभोवती फिरून चौदा फोटो काढले होते. तेव्हा आम्हीच त्याला म्हटले होते, "अरे, नवरी विजापूरला आहे, गाडीचे फोटो कशाला?"

दोन दिवस फोनवर नुसती हुज्जत झाली. मग ईमेल लिहिला आणि प्रत्येक रकमेचे उत्तर वेगळे दिले.

दरवाजासाठी सहीचा कागद पुरेसा होता. शिवाय कंपनीनेच पाठवलेल्या फोटोत त्या ओरखड्यात तपकिरी गंज दिसत होता. पत्र्यावर ओरखडा नवा असेल तर आतला धातू चकाकतो. दोन कोरड्या दिवसांत इतका गंज चढत नाही. बंपर प्लास्टिकचा, तिथे गंजाचा पुरावा चालत नाही. तिथे फोटो कामी आला. एकाच चौकटीत ओरखडा आणि नंबरप्लेट, वेळ सकाळी ६.४७. गाडी ताब्यात दिल्याची पावती ६.५५ ची. कंपनी म्हणाली, फोटो नंतरचाही असू शकतो. खरे तर चूक आमची होती. आम्ही तो आधी व्हॉट्सॲपवर पाठवला होता आणि तसे पाठवले की फोटोतली तारीख-वेळेची नोंद निघून जाते. मग मोबाइलमधली मूळ फाइल ईमेलला जोडली.

दुरुस्तीचे गॅरेजचे बिलही मागितले. ते आलेच नाही.

शेवटी लिहिले, सात दिवसांत पैसे न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करू. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगात फी लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही.

सहाव्या दिवशी चार हजार जमा झाले. व्हीलकॅपचे पाचशे आम्ही सोडून दिले. चौदा फोटोंत त्या चाकाचा एकही नव्हता, आणि गाडी परत करताना किल्ली काउंटरवर ठेवून आम्ही तसेच घरी आलो होतो. तो ओरखडा आमचा की आधीचा, हे आम्हालाही सांगता आले नसते.